गुणगुण, घरघर आणि धपधप

छोट्या हॅचबॅक गाडीला बसणारा १८५/६५ आर १५ मापाचा टायर एका फेऱ्यात जवळजवळ १.९५ मीटर अंतर कापतो. गाडी ताशी ६० किलोमीटरने पळत असली, की ते चाक सेकंदाला साडेआठ वेळा फिरतं. टायरच्या आवाजावरून त्याची तब्येत ओळखायची असेल, तर सुरुवात या एका हिशेबापासून करावी.

दोष टायरच्या घेरावर एकाच जागी असेल, तर ती जागा प्रत्येक फेऱ्याला एकदाच रस्त्याला लागते. साठच्या वेगाला सेकंदाला साडेआठ ठोके पडतात आणि कानाला ते सुटे जाणवतात: धप, धप, धप. घेरावर दर नऊ-दहा सेंटिमीटरला एक खळगा पडलेला असेल, तर एका फेऱ्यात वीसेक ठोके होतात, म्हणजे सेकंदाला पावणेदोनशेच्या आसपास. इतके ठोके कान वेगळे करू शकत नाही. त्यांची खालच्या पट्टीतली सलग घरघर होते. आणि टायरच्या नक्षीतला प्रत्येक ठोकळा तिरका झिजला असेल, तर घेरावरचे साठ-सत्तर ठोकळे सेकंदाला पाचशे-सहाशे वेळा रस्त्यावर आपटतात. मग आवाज आणखी चढतो आणि त्याची गुणगुण होते. मुलं खिडकीच्या गजांवरून काठी फिरवतात तेव्हा हेच घडतं. हळू फिरवली तर एकेक टणका ऐकू येतो, भरभर फिरवली तर सगळ्यांचा मिळून एकच सूर लागतो.

म्हणजे आवाज मोठा की लहान, हा पहिला प्रश्न नव्हेच. आवाज किती दाट आहे, हे आधी ऐकायचं. सुटा ठोका म्हणजे दोष एका जागी. घरघर म्हणजे खळगे ठिकठिकाणी. गुणगुण म्हणजे झीज सगळ्या घेरावर सारखी पसरलेली. यातला कोणता आवाज किती धोक्याचा, याचा अंदाज बहुतेक लोक उलटा बांधतात. सलग गुणगुणीने माणूस हैराण होतो आणि गॅरेज गाठतो. हळू वेगातल्या धपधपीकडे मात्र ‘रस्ताच खराब असेल’ म्हणून काणाडोळा करतो. खरं तर गाडी तिथल्या तिथे थांबवावी असा आवाज या तिघांत दुसराच आहे.

निरोगी टायरही गप्प नसतो. ताशी चाळीस-पन्नासच्या पुढे गेलेल्या मोटारीच्या आवाजात इंजिनापेक्षा टायरचा वाटा मोठा असतो. नक्षीतला ठोकळा रस्त्यावर आदळतो, खाचांत अडकलेली हवा दाबली जाऊन बाहेर फेकली जाते आणि ठोकळा रस्ता सोडताना रबर झटक्याने मूळ आकाराला येतं. हे सगळे ठोकळे एकाच लांबीचे असते, तर प्रत्येक टायर भोंग्यासारखा एकाच सुरात ओरडला असता. म्हणून टायर आखणारे अभियंते मुद्दाम दोन-तीन वेगवेगळ्या लांबीचे ठोकळे घेऊन ते घेरावर विस्कळीत क्रमाने मांडतात. त्यामुळे आवाज एका सुरात साठत नाही, पसरतो आणि कानाला नुसती ‘सूं’ जाणवते. हातातल्या टायरकडे नीट पाहिलं तर ठोकळ्यांच्या लांबीतला हा फरक डोळ्यांनाही दिसतो. झीज वाकडी होऊ लागली, की अभियंत्यांनी मोडलेला सूर पुन्हा जमतो.

वाकड्या झिजेचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार करवतीच्या दातांसारखा असतो. प्रत्येक ठोकळ्याची एक कड झिजून खाली जाते आणि दुसरी उंच राहते. पुढच्या चाकांना इंजिन ओढतं अशा गाड्यांत, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक छोट्या मोटारींत, हा प्रकार मागच्या टायरांवर जास्त दिसतो. पुढच्या टायरांना इंजिनाची ओढ आणि ब्रेकचा ताण असे दोन्ही सोसावे लागतात. ते लवकर झिजतात, पण ठोकळा दोन्ही दिशांनी घासला जात असल्यामुळे त्याचा माथा बराचसा सपाट राहतो. मागचे टायर नुसते फरपटत येतात आणि अधूनमधून ब्रेकचा ताण घेतात. ठोकळा रस्ता सोडताना त्याची तीच कड दर फेऱ्याला घसटते. हजारो किलोमीटरनंतर दात तयार होतात. मागची चाकं एकमेकांकडे किंचित जास्त वळलेली असतील, किंवा टायरात हवा कमी असेल, तर हे काम आणखी लवकर होतं.

हे प्रकरण कसं उलगडतं, ते एका गाडीवर पाहू. गाडी कल्पित आहे, पण अशी गाडी कुठल्याही गॅरेजात वरचेवर येते. पाच वर्षांची हॅचबॅक, टायर बदलून २४,००० किलोमीटर झालेले. या काळात टायर पुढचे मागे आणि मागचे पुढे असे एकदाही फिरवले नाहीत. नाशिक-पुणे रस्त्यावर पन्नासच्या आसपास गाडीच्या मागच्या बाजूने ‘हूंऽऽ’ असा आवाज सुरू होतो, साठ-सत्तरला सगळ्यात ठळक होतो आणि नव्वदच्या पुढे वाऱ्याच्या आवाजात बुडून जातो. मालक गॅरेजात जातो. मेस्त्री एक चक्कर मारून येतो आणि सांगतो, “साहेब, मागचं बेअरिंग गेलंय.”

मेस्त्रीची काही चूक नाही. चाकाचं बेअरिंग खराब झालं की आवाज जवळजवळ असाच येतो आणि वेगाबरोबर तसाच चढतो. म्हणून बेअरिंग बदललं जातं, पैसे जातात आणि आवाज जागच्या जागी राहतो. ही चुकामूक टाळण्यासाठी चार गोष्टी तपासाव्यात. त्यांना हत्यार लागत नाही, फक्त मोकळा रस्ता आणि शांत कान लागतो. काचा बंद, पंखा बंद, रेडिओ बंद.

पहिली तपासणी इंजिनाची. साठच्या वेगाला ॲक्सिलरेटर सोडून क्षणभर क्लच दाबायचा. इंजिनाचे फेरे खाली येतात. ‘हूं’ तशीच राहिली, तर इंजिनाचा तिच्याशी संबंध नाही. आवाज चाकांकडचा आहे. आपल्या हॅचबॅकमध्ये ती तशीच राहते.

दुसरी तपासणी रस्त्याची. जुन्या खरबरीत डांबरावरून नव्या गुळगुळीत डांबरावर किंवा डांबरावरून काँक्रीटवर गाडी गेली, की टायरचा आवाज बदलतो. कधी सूर बदलतो, कधी जोर. बेअरिंगला खाली कोणता रस्ता आहे याची फिकीर नसते. ते सगळीकडे सारखंच घरघरतं. आपल्या गाडीचा आवाज नव्या डांबरावर ठळक आणि स्वच्छ ऐकू येतो, तर खरबरीत रस्त्यावर त्या रस्त्याच्याच आवाजात मिसळतो. संशय टायरकडे वळतो.

तिसरी तपासणी वळणाची. रुंद आणि रिकाम्या रस्त्यावर, चाळीस-पन्नासच्या वेगाला, गाडी हलक्या हाताने आधी डावीकडे आणि मग उजवीकडे झुलवायची. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकांवर येतं आणि उजवीकडे वळताना डाव्या. डावीकडे झुकवताना आवाज ठसठशीत वाढला आणि उजवीकडे झुकवताना दबला, तर उजव्या बाजूचं बेअरिंग संशयित. टायरच्या गुणगुणीत असा फरक सहसा पडत नाही, पडलाच तर थोडा. हॅचबॅकमध्ये दोन्ही बाजूंना आवाज सारखाच राहतो.

चौथी तपासणी तळहाताची आणि तीच सगळ्यात बोलकी. गाडी सपाट जागी उभी करून, हँडब्रेक लावून, टायर थंड झाल्यावर करायची. आधी रबरातून खिळा किंवा तार डोकावत नाही ना, हे डोळ्यांनी पाहून घ्यायचं. मग तळहात टायरच्या घेरावरून एका दिशेने सरकवायचा आणि त्याच जागेवरून उलटा आणायचा. सारख्या झिजलेल्या टायरवर दोन्ही वेळा एकच स्पर्श जाणवतो. दात आलेल्या टायरवर हात एका दिशेने गुळगुळीत सरकतो आणि उलट येताना प्रत्येक ठोकळ्याची धार बोटांना अडते. नुसतं पाहून हे कळत नाही, कारण उंचीतला फरक फार थोडा असतो. हाताला मात्र लगेच सापडतो. हाच हात आडवा, टायरच्या आतल्या कडेकडून बाहेरच्या कडेकडे आणि परत फिरवला आणि तशीच धार लागली, तर चाकाचा ‘टो’, म्हणजे समोर पाहण्याचा कोन, बिघडलेला असण्याची शक्यता मोठी.

आपल्या हॅचबॅकच्या मागच्या दोन्ही टायरांवर धार सापडते. आता मागचे टायर पुढे आणि पुढचे मागे लावायचे. दुसऱ्या दिवशी मालकाचा फोन येतो, “मेस्त्री, आवाज वाढला की!” वाढलेला नसतो, पुढे आलेला असतो, चालकाच्या पायाखाली. यावर वैतागून टायर पुन्हा मागे टाकू नयेत, कारण आवाज चाकाबरोबर जागा बदलतो हाच तो टायरचा असल्याचा पक्का पुरावा. बेअरिंग गाडीला जिथल्या तिथे असतं. टायर हलवल्याने त्याचा आवाज हलत नाही. पुढे आल्यावर इंजिनाची ओढ ठोकळ्यांना दुसऱ्या अंगाने घासू लागते आणि हजार-दोन हजार किलोमीटरमध्ये गुणगुण बऱ्याचदा उतरते. दात खोल असतील तर ती पुरती जात नाही. मग एवढा आवाज सोसून टायर संपेपर्यंत वापरायचा की आधीच बदलायचा, हा खिशाचा आणि कानाचा प्रश्न उरतो. धोका या आवाजात फारसा नाही, फक्त नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या वर असली पाहिजे. ही मर्यादा दाखवणाऱ्या रबराच्या छोट्या आडव्या पट्ट्या प्रत्येक टायरच्या खाचांच्या तळाशी असतात. ठोकळे झिजून त्या पट्ट्यांना भिडले की टायरचं आयुष्य संपलं.

टायर फिरवताना एक पथ्य आहे. ज्यांच्या बाजूवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असतो, ते टायर डाव्या बाजूचे उजवीकडे टाकायचे नाहीत. त्याच बाजूला पुढे-मागे करायचे. बाण नसेल तर तिरपी अदलाबदलही चालते, आणि त्यात टायर उलटा फिरू लागत असल्यामुळे दात लवकर बसतात. दर आठ ते दहा हजार किलोमीटरला ही अदलाबदल केली, तर दात मुळात धरत नाहीत.

अलाइनमेंटच्या दुकानात मशिनचा छापील कागद मिळतो. तो मागून घ्यावा आणि त्यातली मागच्या चाकांची ओळ वाचावी. बऱ्याच छोट्या गाड्यांचा मागचा ॲक्सल एकसंध असतो. तिथे ‘टो’ मोजता येतो, पण पाना फिरवून जुळवता येत नाही. म्हणून दुकानदार पुढची चाकं जुळवून गाडी मोकळी करतो. मागचा आकडा मर्यादेबाहेर असेल तर ॲक्सल कुठेतरी आदळून वाकलाय का, हे पाहावं लागतं. ते न पाहता नवे टायर टाकले, तर गाडी तेही खाणार.

घरघरीचं कारण याहून खोलवर असतं. गुणगुणीत झीज ठोकळ्याठोकळ्याची असते. घरघरीत मात्र टायरच्या घेरावर थोड्या थोड्या अंतराने पसरट खळगे पडलेले असतात, बशीच्या आकाराचे. हात फिरवला की चढउतार जाणवतो. हे खळगे टायरमुळे पडत नाहीत. चाक रस्त्याला सतत दाबून धरायचं काम शॉकअपचं. त्यातलं तेल गळून गेलं, की खड्ड्यानंतर चाक नुसतं एकदा बसत नाही, पुन्हा पुन्हा उडतं. उडून खाली येताना रबर रस्त्यावर घसटतं आणि चिमूटभर झिजतं. तिथे खळगा पडला, की पुढच्या फेऱ्याला चाक त्याच जागी पुन्हा उडतं. खळग्याने खळगा वाढतो. चाकाचं बॅलन्सिंग बिघडलेलं असेल तर हेच दुसऱ्या वाटेने घडतं. सस्पेन्शनचे रबरी बुश ढिले झाले असतील तरीही घडतं.

शॉकअपची जुनी तपासणी अजूनही उपयोगी आहे. गाडीचा एक कोपरा वजन टाकून दाबायचा आणि सोडायचा. कोपरा वर येऊन एकदा स्थिरावला तर ठीक. दोन-तीनदा डुलत राहिला तर शॉकअप थकला. शिवाय त्याच्या नळीवर ओल आणि तिच्यावर चिकटलेली धूळ दिसते का, तेही पाहावं. इथे एक चूक नेहमी होते. घरघर नकोशी होते म्हणून टायर बदलले जातात, आवाज एकदम नाहीसा होतो, सगळे खूश होतात आणि शॉकअप तसाच राहतो. काही हजार किलोमीटरनंतर नवे टायर तीच घरघर करू लागतात. दोष टायर बनवणाऱ्याला दिला जातो.

घरघर आणि बेअरिंग यांतला फरक मात्र गाडी जॅकवर चढवूनच पक्का होतो आणि हे काम गॅरेजातच करावं. चाक अधांतरी झाल्यावर अनुभवी मेस्त्री एका हाताने चाक फिरवतो आणि दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवतो. बेअरिंग खडबडीत झालं असेल तर त्याची थरथर स्प्रिंगमधून तळहाताला कळते. टायरचे खळगे कितीही मोठे असले तरी अधांतरी फिरताना ते कशालाच लागत नाहीत, त्यामुळे हाताखाली शांतता असते. पुष्कळ मेस्त्री कानाआधी या हातावर विश्वास ठेवतात आणि ते बरोबर आहे.

रस्ताही फसवतो. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गासारख्या ७०१ किलोमीटरच्या काँक्रीट रस्त्यावर पहिल्यांदा गेलेल्या कितीतरी जणांना गाडीत बिघाड झाल्यासारखं वाटतं. काँक्रीटच्या पृष्ठभागावर पाण्याच्या निचऱ्यासाठी आणि पकडीसाठी रेघा पाडलेल्या असतात, त्यांच्यामुळे चांगले टायरही जोरात गुंजतात. शिवाय अशा रस्त्यांत साधारण साडेचार मीटरवर एक आडवा सांधा असतो. ताशी ८० किलोमीटरला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, म्हणजे सांधे सेकंदाला पाचेक वेळा लागतात. त्याच वेगाला चाकाचे फेरे अकराच्या वर असतात. धपधप सांध्यांची असेल तर ती फेऱ्यांच्या निम्म्याहून कमी गतीने येते, आणि डांबरी रस्ता लागला की लगेच थांबते. टायरची धपधप रस्ता बदलल्याने थांबत नाही.

आता ती धपधप. तिची परीक्षा हळू वेगात करायची, कारण तिथे ठोके मोजता येतात. ताशी २० किलोमीटरला हॅचबॅकचं चाक सेकंदाला तीनपेक्षा किंचित कमी फेरे घेतं. सपाट डांबरावर या वेगाने जाताना सेकंदाला तीनाच्या आसपास ठोके पडत असतील, वेग वाढवला की ठोके त्याच प्रमाणात वाढत असतील, तर चाकावर एक जागा बिघडलेली आहे. ठोक्याचा आवाज बारीक, ‘टिक टिक’ असा असेल तर बहुधा खाचेत अडकलेला खडा किंवा घुसलेला खिळा असतो. जड ‘धप’ असेल तर कारणं तीन, आणि त्यांतलं एक गंभीर.

पहिलं कारण निरुपद्रवी. टायरात पोलादी पट्ट्यांवर नायलॉनचं आवरण असतं. थंडीत रात्रभर उभ्या गाडीचा टायर जमिनीशी टेकलेल्या जागी चपटतो आणि नायलॉन थंड होऊन तो चपटेपणा धरून ठेवतो. सकाळी निघाल्यावर धपधप जाणवते आणि पंधरा-वीस मिनिटांत टायर तापला की आपोआप विरते. गाडी कमी हवेत महिनोन्‌महिने उभी असेल, तर मात्र हा चपटेपणा कायमचा राहू शकतो. दुसरं कारण म्हणजे जोरात ब्रेक दाबल्याने चाक जागीच अडकून रस्त्यावर घासलं गेलेलं असणं. तिथे हाताएवढा सपाट, घासलेला चट्टा डोळ्यांना दिसतो. तो भरून येत नाही.

तिसरं कारण म्हणजे टायरच्या आतले थर सुटणं. मोटारीच्या टायरात नक्षीच्या रबराखाली पोलादी तारांच्या दोन पट्ट्या एकावर एक चिकटवलेल्या असतात. या पट्ट्यांची कड हा टायरचा नाजूक भाग आहे. कमी हवा, जास्त वजन, वेग आणि ऊन यांमुळे टायर तापतो, कडेशी बारीक चीर सुरू होते आणि ती दोन पट्ट्यांमध्ये आत शिरत जाते. पट्ट्या सुटलेल्या जागी नक्षी किंचित वर उचलली जाते. तीच उचललेली जागा दर फेऱ्याला धपकते. हळू वेगात स्टिअरिंग डावीकडे-उजवीकडे हलकं डुलतं, सीटखाली लचके जाणवतात. आणि यात एक खूण ठळक असते: हा आवाज टायर तापल्यावर कमी होत नाही. एका प्रवासातच, कधी तासाभरात, तो वाढतो.

असा आवाज आला तर गाडी रस्त्याच्या कडेला, वाहनांपासून दूर थांबवावी. दुसऱ्या माणसाला सुरक्षित अंतरावर उभं करून गाडी दोन-तीन मीटर पुढे सरकवावी. सुटलेला टायर फिरताना नक्षी नागमोडी हलते किंवा एका जागी उसळते, हे त्याला दिसतं. दिसलं की त्या टायरवर पुढे जायचं नाही. स्टेपनी लावायची आणि तो टायर पंक्चरवाल्याकडे न नेता कायमचा बाजूला करायचा. सुटलेली पट्टी परत चिकटवता येत नाही.

हा दोष काय करू शकतो, हे अमेरिकेने २००० साली पाहिलं. फोर्ड एक्सप्लोरर या उंच गाडीला बसवलेल्या फायरस्टोन टायरांची नक्षी आणि वरची पट्टी महामार्गाच्या वेगात सुटून निघत होती आणि गाड्या उलटत होत्या. फेब्रुवारीत ह्यूस्टनच्या एका दूरचित्रवाणी केंद्राने या अपघातांवर वृत्तांत दाखवला, मे महिन्यात सरकारी चौकशी सुरू झाली आणि ९ ऑगस्टला कंपनीने सुमारे ६५ लाख टायर परत बोलावले. त्या टायरांशी जोडलेल्या मृत्यूंचा सरकारी नोंदीतला आकडा पुढे २७१ वर गेला. टेक्सस, फ्लोरिडा, ॲरिझोना अशा उष्ण राज्यांत या घटना जास्त होत्या. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथले प्राध्यापक संजय गोविंदजी यांनी स्वतंत्र तपास करून जी कारणं दिली, त्यांत हवामान, टायरची रचना, एका विशिष्ट कारखान्यातलं उत्पादन, हवेचा दाब आणि गाडीवरचं वजन अशा गोष्टी एकत्र होत्या. हवेच्या दाबावरून दोन्ही कंपन्यांत वाद झाला: फोर्डने २६ पीएसआय सांगितला होता, तर फायरस्टोनच्या मते ३० हवा होता. चार पीएसआयचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. पण विदर्भात किंवा खान्देशात मे महिन्याच्या दुपारी चार माणसं आणि भरलेली डिकी घेऊन शंभरच्या वेगाने जाणाऱ्या गाडीत कमी हवेचा टायर किती तापतो, याचा विचार केला तर हा वाद आपल्यालाही दूरचा राहत नाही. हवेचा योग्य आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. पूर्ण भाराच्या गाडीसाठी तिथे बऱ्याचदा वेगळा, जास्त आकडा दिलेला असतो आणि तो सकाळी, टायर थंड असताना भरायचा असतो.

टायरचं वयही याच हिशेबात येतं. नक्षी भरपूर शिल्लक असली तरी रबर जुनं होऊन कडक होतं आणि थरांची पकड ढिली पडते. बाजूवर ‘डीओटी’ने सुरू होणाऱ्या अक्षरांच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ‘२३१७’ म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. हे आकडे टायरच्या एकाच बाजूवर असू शकतात, त्यामुळे बाहेरून दिसले नाहीत तर आतल्या बाजूला पाहावं. स्टेपनीचेही पाहावेत, कारण ती वर्षानुवर्षं डिकीत पडून राहते आणि नेमकी अडचणीच्या वेळी महामार्गावर लागते.

कानाला एक मर्यादाही आहे. खड्ड्याच्या धारेवर टायर जोरात आदळला, की त्याची बाजूची भिंत रिम आणि रस्ता यांच्यामध्ये चिमटली जाते आणि आतले धागे तुटतात. मग हवेच्या दाबाने त्या जागी रबर फुगून टेंगूळ येतं. बाजूची भिंत रस्त्याला टेकत नसल्यामुळे असं टेंगूळ पुष्कळदा काहीच आवाज करत नाही, आणि तरीही तो टायर कधीही फुटू शकतो. बाहेरच्या भिंतीवर आलं तर गाडी धुताना दिसतं. आतल्या भिंतीवर, गाडीच्या पोटाकडच्या बाजूला आलं तर चाक उतरवेपर्यंत कुणालाच कळत नाही. म्हणून पावसाळ्यात एखादा मोठा दणका बसला असेल, तर आवाज आला नाही तरी ते चाक काढून आतली बाजू उजेडात पाहावी आणि भिंतीवरून बोटं फिरवावीत. पुढे-मागे करण्यासाठी टायर उतरवलेलेच असतात, तेव्हा मेस्त्रीला चारही टायरांच्या आतल्या भिंती दाखवायला सांगावं. त्याला दोन मिनिटं लागतात.